पडलेले शिखर पुन्हा उभारावे काय?

सोलापुराच्या दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरवर भीमा आणि सीना या नद्यांचा संगम आहे. त्या संगमावर हत्तरसंग आणि कुडल ही जोडगावे वसली आहेत. तेथील संगमेश्वराचे मंदिर इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे, आणि त्याचे कारण मंदिराच्या शोभेपेक्षा त्यातील एका तुळईत आहे. त्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा एक लहानसा लेख कोरलेला आहे. जो हे वाचील तो विजयी होईल, अशा आशयाचे त्याचे शेवटचे शब्द स्वच्छ मराठी आहेत. तारीख असलेल्या सर्वांत जुन्या मराठी शिलालेखांत त्याची गणना होते. सोलापूरचे शिलालेख-संशोधक आनंद कुंभार यांनी या परिसरातील लेखांवर आयुष्यभर परिश्रम केले, त्यामुळेच या ओळीचे महत्त्व सर्वांच्या ध्यानी आले.

संगमेश्वराच्या जवळच हरिहरेश्वराचे दुसरे मंदिर आहे, परंतु त्याचे दैव निराळे. ते कोसळले, मातीखाली गेले आणि दीर्घकाळ एक टेकाड होऊन राहिले. विसाव्या शतकाच्या अखेरीस ते टेकाड उकरण्यात आले, तेव्हा दोन गर्भगृहे असलेल्या मंदिराचा आराखडा हळूहळू प्रकट झाला. पुढल्या बाजूस खिद्रापूरच्या कोपेश्वराची आठवण करून देणारा वर्तुळाकार स्वर्गमंडप निघाला. त्याच उत्खननात ते विलक्षण बहुमुखी शिवलिंगही हाती आले. त्याच्या अंगावर ३५९ लहान मुखे कोरलेली असून लिंग स्वतः धरून ती ३६० होतात, असे मोजणारे म्हणतात. मंदिराचे शिखर मात्र गेले ते गेलेच.

असे अवशेष पाहणाऱ्याच्या मनात सहज एक प्रश्न उभा राहतो. एवढे दगड येथेच पडलेले आहेत, पाथरवट आहेत, यंत्रे आहेत आणि इच्छा असल्यास पैसाही उभा राहील. मग हे मंदिर कळसासह पुन्हा का बांधू नये? प्रश्न भाबडा नाही. जगातील मोठमोठ्या विद्वानांनी त्यावर एक शतकभर वाद घातला असून त्या वादातून काही लेखी नियम निर्माण झाले आहेत. ते नियम कुडलच्या दगडांवर लावून पाहिले असता त्यांचे मर्म जितके स्पष्ट होते, तितके ते पुस्तकात वाचून होत नाही.

पुनर्बांधणीच्या बाजूचा सर्वांत बलवान दाखला व्हेनिस नगराचा आहे. तेथील सेंट मार्क चौकातला उंच घंटा-मनोरा १९०२ च्या जुलै महिन्यात १४ तारखेस सकाळी ढासळला. भिंतीवर भेग पडलेली आधीच दिसली होती व लोकांना दूर ठेवण्यात आले होते, त्यामुळे मनुष्यहानी झाली नाही. रखवालदाराचे मांजर तेवढे गेले, असे सांगतात. नगरपालिकेने लागलीच ठरविले की, मनोरा होता तेथे आणि होता तसाच बांधावयाचा. १९१२ साली तो उभा राहिला. आज तेथे जाणाऱ्या शेकडा नव्याण्णव प्रवाशांना तो अवघा शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे, याची वार्ताही नसते. ज्या लोकांनी तो पाहत जन्म काढला होता त्यांच्याच हयातीत तो पडला, त्यांच्यापाशी त्याची मोजमापे होती आणि छायाचित्रेही होती. पुनर्बांधणी यशस्वी झाली ती या साधनांमुळे. त्याच मनोऱ्याच्या पायथ्याशी सान्सोव्हिनो याने बांधलेला एक सुंदर सज्जा चिरडला गेला होता. तो मात्र नव्याने घडविण्याऐवजी ढिगाऱ्यातून निघालेले तुकडे जुळवून पुन्हा उभा करण्यात आला. एकाच चौकात, एकाच प्रसंगी, दोन भिन्न कृत्ये घडली. एकास पुनर्बांधणी म्हणावे आणि दुसऱ्यास पुनर्जोडणी म्हणावे. साऱ्या वादाचे मूळ या दोन शब्दांच्या फरकात आहे.

पुनर्जोडणीला ग्रीक भाषेतून घेतलेले नाव ‘अनॅस्टायलोसिस’ असे आहे. विखुरलेले मूळ अवयव ज्याच्या त्याच्या जागी पुन्हा बसविणे, एवढाच त्याचा अर्थ. १९३१ साली अथेन्स येथे भरलेल्या परिषदेच्या जाहीरनाम्यात या पद्धतीस मान्यता मिळाली. परिषदेच्या सभासदांनी त्या वेळी अॅक्रोपोलिसवरील पार्थेनॉनचे काम प्रत्यक्ष पाहिले होते. ते काम निकोलाओस बालानोस या अभियंत्याच्या देखरेखीखाली चालू होते. पुढे त्याच कामात दोन दोष निघाले. पहिला असा की, दगड कोणत्या जागचा आहे याचा फारसा विचार न करता, मापात बसतो तेथे तो बसविण्यात आला होता. दुसरा दोष लोखंडाचा. बालानोसने दगड जोडण्यासाठी लोखंडी पट्ट्या वापरल्या आणि प्राचीन कारागिरांप्रमाणे त्या शिशात गुंडाळल्या नाहीत. गंजून त्या फुगल्या आणि त्यांनी संगमरवर आतून फोडला. १९७५ पासून नेमलेल्या समितीस ते सारे उलगडून, प्रत्येक दगडाची खरी जागा शोधून, टायटॅनियमच्या पट्ट्यांनी पुन्हा जोडावे लागले. जे चिरंतन म्हणून उभारले होते, ते काही दशकांतच सोडवावे लागले.

या अनुभवाचा ठसा १९६४ च्या व्हेनिस सनदेवर आहे. ती सनद ज्या नगरात मंजूर झाली तेथेच तो पुनर्बांधलेला मनोरा उभा आहे, हा योगायोग मोठा मौजेचा! सनदेचे कुडलसाठी महत्त्वाचे असे तीन नियम आहेत. नवव्या कलमात म्हटले आहे की, जेथे अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. बाराव्या कलमाप्रमाणे, गमावलेल्या भागाच्या जागी घातलेला नवा भाग समग्राशी सुसंगत असावा, परंतु मूळ भागापासून वेगळा ओळखू यावा. पंधराव्या कलमात उत्खननस्थळांविषयी असे ठरविले आहे की, पुनर्बांधणीस आरंभीच नकार द्यावा आणि केवळ पुनर्जोडणीस परवानगी असावी. भारतातही ही दृष्टी अनोळखी नव्हती. सर जॉन मार्शल यांनी १९२३ सालच्या आपल्या मार्गदर्शक पुस्तकात काल्पनिक जीर्णोद्धाराविरुद्ध याच स्वरूपाची ताकीद दिली होती.

आता कुडलकडे यावे. टेकाड उघडल्यावर समोर दिसतो तो दगडांचा गोंधळ असतो. अनुभवी माणूस त्या गोंधळास हात लावण्यापूर्वी वाचतो. पडलेली वास्तू आपल्या पडण्याची नोंद जमिनीवरच ठेवून जाते. वरच्या थरातील दगड सामान्यतः अधिक दूर फेकले जातात, खालचे पायाजवळच राहतात. भिंत बाहेर कलली असेल तर तिची दर्शनी बाजू पालथी पडते. म्हणून दगड उचलण्याआधी जागेवर दोऱ्या ताणून चौकटी आखतात आणि प्रत्येक दगडाचा क्रमांक, त्याची जागा व तो कोणत्या कुशीवर पडला आहे, हे सारे नकाशावर लिहितात. क्रमांक नक्षीच्या बाजूस लिहीत नाहीत. हे काम कंटाळवाणे आहे आणि पाहुण्यांना दाखवण्यासारखे त्यात काही नसते. परंतु ते न करता ढीग एकदा हलविला की, तो पुरावा कायमचा गेला.

त्यानंतर दगडाचे शरीर वाचावयाचे. एका थरातील दगडांची उंची सारखी असते, त्यामुळे उंची मोजून दगडांचे गट पाडता येतात. खाच असेल तर तिच्यात बसणारी कड शोधावी. स्तंभाचे अवयव, म्हणजे तळखडा, दंड आणि वरील हस्त, एकमेकांत अडकण्यासाठी घडविलेले असतात. ज्या पृष्ठभागास पाऊस लागला तो पृष्ठभाग झिजलेला असतो, आणि जो सांध्यात दडलेला होता त्यावर टाकीच्या खुणा ताज्या राहतात. ही लिपी एकदा कळली की, दगड स्वतःच आपली जागा सांगू लागतो.

वर्तुळाकार मंडपाच्या बाबतीत तर भूमितीचीही मदत मिळते. उदाहरणादाखल असे समजा की, वर्तुळाच्या कडेची एक शिळा सापडली असून तिची आतली धार वक्र आहे. धारेच्या दोन्ही टोकांमध्ये दोरी ताणली तर ती १२० सेंटिमीटर भरते, आणि मध्यभागी दोरीपासून वक्र धार ६ सेंटिमीटर दूर आहे. एवढ्यावरून वर्तुळाची त्रिज्या सांगता येते. दोरीच्या लांबीचा वर्ग करून त्यास मधल्या अंतराच्या आठ पटीने भागावयाचे आणि त्यात मधल्या अंतराचा निम्मा भाग मिळवावयाचा. येथे उत्तर सुमारे ३ मीटर येते. म्हणजे परीघ सुमारे १९ मीटर, आणि अशा मापाच्या सुमारे १६ शिळांनी ते वर्तुळ पूर्ण होते. बारा शिळा हाती लागल्या असतील, तर चार हरवल्या आहेत हे निश्चित समजते. त्या चार शिळांची लांबी, रुंदी आणि वक्रता यांत कल्पनेस वाव उरत नाही. म्हणून त्या त्याच जातीच्या दगडात नव्या घडवून बसविण्यास सनदेची आडकाठी नाही. मात्र त्यांवर नक्षी कोरावयाची नाही, कारण हरवलेल्या शिळेवर फूल होते की हंस होता, हे उरलेल्या बारा शिळा सांगत नाहीत. नवी शिळा साधी ठेवावी, तिच्या बिनदर्शनी बाजूस वर्ष कोरावे आणि जोडणीत चुना वापरावा, सिमेंट नव्हे. जुन्या दगडापेक्षा कठीण झालेला सांधा पाणी व क्षार अडवून ठेवतो आणि शेवटी दगडच झिजवितो, हे अनेक ठिकाणी दिसून आले आहे.

येथवर सारे सुकर आहे. कठीण भाग शिखराचा आहे.

कुडल ज्या काळातील आहे त्या काळी हा प्रदेश कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली होता. या राज्याच्या दोन टोकांस दोन प्रकारची शिखरे दिसतात. उत्तरेकडे अंबरनाथ किंवा सिन्नरच्या गोंदेश्वराप्रमाणे भूमिज शिखर, ज्याच्या चारी बाजूंस लहान शिखरांच्या उभ्या रांगा चढत जातात. दक्षिणेकडे लक्कुंडी अथवा इटगी येथे जे आढळते ते पायऱ्यापायऱ्यांनी निमुळते होणारे, थरांचे शिखर. भीमेचा हा काठ त्या दोन्हींच्या मधोमध आहे. भाषांच्या बाबतीत येथे मराठी आणि कानडी यांचा संगम जसा घडतो, तसाच शिल्पशैलींचाही होतो. शिवाय त्या काळी कित्येक ठिकाणी मंदिराचे अंग दगडी आणि शिखर विटांचे असे. विटा पडल्या की त्यांची माती होते आणि वरचे काहीच हाती उरत नाही.

तेव्हा कुडलला शिखर बांधावयाचे ठरले, तर पहिला निर्णय पाथरवटास नव्हे, इतिहासकारास करावा लागेल. भूमिज, थरांचे, की विटांचे? पाया कोणतेही शिखर पेलेल, परंतु कोणते होते हे पायावरून कळत नाही. एक शिखर निवडले की, सीमेवरील एका मंदिरास महाराष्ट्राचे किंवा कर्नाटकाचे असे रूप कायमचे देऊन टाकले जाते, आणि हजार वर्षांच्या शांततेनंतर दगडांनी न दिलेली साक्ष आपण त्यांच्या तोंडी घालतो. पुढील पिढीचा विद्यार्थी ते शिखर पाहून शैलीच्या प्रसाराविषयी प्रबंध लिहील आणि त्याची चूक कोणाच्याही लक्षात येणार नाही. आक्षेप आहे तो याच गोष्टीस. नवे बांधणे हे पाप नव्हे, पण नवे जुन्यात मिसळले की पुरावा नासतो.

भाविकांची बाजू मात्र सहज झटकून टाकण्याजोगी नाही. त्यांच्या दृष्टीने शिखराविना मंदिर म्हणजे मस्तकाविना देह. पाश्चात्य सनदा दगडास मान देतात आणि देवळाचा प्राण विसरतात, अशी तक्रार आशियात अनेक ठिकाणी झाली. तिचा परिणाम म्हणून जपानमध्ये १९९४ साली नारा दस्तऐवज तयार झाला. कोणत्याही वास्तूचा खरेपणा तिच्या स्वतःच्या संस्कृतीच्या मापाने पारखावा, असे तो म्हणतो. जपानातील ईसे येथील मंदिर दर वीस वर्षांनी नव्या लाकडाने बांधले जाते, आणि तरीही ते प्राचीनच मानले जाते. भारतातही इन्टॅक या संस्थेने २००४ साली केलेल्या सनदेत जिवंत कारागिरीस आणि चालू उपासनेस मोठे स्थान दिले आहे. परंतु ईसेचा दाखला कुडलला लागू पडतो काय? ईसे येथे सुतारांची परंपरा आजही चालू आहे. जुने मंदिर उभे असतानाच त्याच्या शेजारी नवे बांधले जाते, म्हणून हातांना नमुना समोर असतो. चालुक्यकालीन शिखर घडविणाऱ्या हातांची परंपरा भीमेच्या काठी खंडित झाली आहे. तेथे आज बांधणारा कारागीर कितीही कुशल असला तरी तो पुस्तकातील चित्रावरून बांधील.

ऑस्ट्रेलियातील बर्रा सनद, जी १९७९ मध्ये प्रथम आली, या पेचावर सरळ उत्तर देते. पुनर्बांधणीस ती पूर्ण बंदी घालत नाही. हानीमुळे स्थळ अपुरे झालेले असावे आणि पूर्वीचे रूप निश्चित करण्यास पुरेसा पुरावा असावा, या दोन अटी ती घालते. हीच कसोटी येथे सर्वांत उपयोगी वाटते, कारण ती भावनेस दूर सारत नाही, केवळ पुरावा मागते. या कसोटीवर व्हेनिसचा मनोरा उतरतो. मध्य प्रदेशात मोरेना जिल्ह्यातील बटेश्वर येथेही ती उतरते. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे के. के. मुहम्मद यांनी २००५ पासून तेथे सुमारे दोनशे लहान मंदिरांच्या ढिगाऱ्यांतून ८० च्या आसपास मंदिरे उभी केली, आणि त्यांतील कित्येकांची शिखरेही चढली. ती चढू शकली, कारण शिखरांचे दगड तेथेच, मंदिराभोवती पडलेले होते. बटेश्वरचे यश दाखवून कुडलच्या शिखराची मागणी करणारे हा फरक विसरतात. हरिहरेश्वराचा स्वर्गमंडप बटेश्वराच्या जातीचा आहे, पण शिखर नाही.

पुनर्बांधणीच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद राहतो, आणि तो सर्वांत गंभीर आहे. वरून उघडी असलेली वास्तू टिकत नाही. दर पावसाळ्यात पाणी भिंतींच्या आतील भरावात मुरते, उन्हाळ्यात ते सुकते, भरावाची माती वाहून जाते आणि दगड एकमेकांपासून सुटतात. शेजारी काळी जमीन असल्यास तीही ओलाव्याने फुगते व उन्हाने फाटते, आणि पायाखाली हालचाल चालू राहते. नद्यांच्या संगमावर ही भीती अधिक. म्हणून छत हवे, हे खरे. परंतु छत म्हणजे शिखर नव्हे. सापडलेल्या छतशिळा जागी बसवाव्यात, जेथे नाहीत तेथे साधी नवी शिळा घालावी, आणि वरून चुन्याचा उतरता थर देऊन पाण्यास वाट करून द्यावी. तो थर काही वर्षांनी नवा करावा लागेल. उद्या एखादा खरा पुरावा मिळाला, तर तो काढूनही टाकता येईल. शिखर एकदा चढले की कोण काढणार?

हे सारे पाहता, कुडलला स्वर्गमंडपाच्या वर्तुळाची पुनर्जोडणी करणे योग्य, छत देणे आवश्यक आणि शिखर बांधणे अयोग्य, असे म्हणणे भाग आहे. उपासनेचा प्रश्न तेथे आधीच सुटलेला आहे, कारण शेजारी संगमेश्वर जागता आहे आणि भाविकांचे पाय तिकडे वळत असतात.

आता त्या तुळईचा एक विचार. संगमेश्वराचे मंदिर उभे राहिले म्हणून तिच्यावरील मराठी ओळ आपल्यापर्यंत पोहोचली. समजा, तेच मंदिर शतकापूर्वी कोसळले असते आणि एखाद्या उदार गृहस्थाने चांगल्या भावनेने ते नव्या दगडांत, जुन्याहून सुबक असे, पुन्हा बांधले असते. तडकलेली जुनी तुळई अशा वेळी बाजूला पडते. तिचे दोन तुकडे होऊन कोणाच्या तरी शेताच्या बांधावर किंवा विहिरीच्या काठावर, अक्षरे खाली करून, ती बसविली जाते. हरिहरेश्वराच्या ढिगाऱ्यातील दगडांपैकी प्रत्येक दगडाची सहाही अंगे तपासून झाल्याशिवाय कोणताही दगड निरुपयोगी ठरवू नये, एवढे मात्र काम सुरू करणाऱ्या मुकादमास पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे.